दोष-अहवाल (सॉफ्टवेअर)

दोष-अहवाल, म्हणजेच प्रचलित बोलीत बग रिपोर्ट, हे संगणकीय प्रणालीत आढळलेल्या दोषाची माहिती तिच्या निर्मात्याला कळवणारे लेखी निवेदन होय. निर्मात्या कंपनीच्या साहाय्य विभागाकडे वापरकर्त्याने पाठवलेल्या अहवालात सामान्यतः तीन गोष्टी अपेक्षित असतात: दोष पुन्हा घडवून आणण्याच्या पायऱ्या, त्या पायऱ्यांनंतर काय व्हायला हवे होते (अपेक्षित परिणाम) आणि काय झाले (प्रत्यक्ष परिणाम). या तिन्हींच्या आधारे दूरच्या शहरात बसलेल्या, वापरकर्त्याचा संगणक कधीही न पाहिलेल्या व्यक्तीला तोच दोष स्वतःच्या पडद्यावर पाहता येतो.

दोषासाठी 'बग', म्हणजे किडा, हा शब्द संगणकाहून जुना आहे. थॉमस एडिसन यांनी १८७८ मध्येच यंत्रातील लहानसहान अडचणींसाठी तो वापरला होता. हार्वर्ड मार्क २ या संगणकात १९४७ मध्ये खराखुरा पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, ही हकिकत खरी आहे. शब्दाचा जन्म त्या पतंगापासून झाला ही समजूत मात्र खरी नाही.

## तक्रार आणि अहवाल

तक्रार आणि अहवाल यांत फरक आहे. "शोध नीट चालत नाही" ही तक्रार झाली. ती खोटी नसते, परंतु तिच्यावरून काहीही करता येत नाही; कारण 'नीट' या शब्दात वापरकर्त्याची अपेक्षा दडलेली असते आणि 'चालत नाही' या शब्दांत प्रत्यक्ष घडलेली गोष्ट. अहवाल लिहिणे म्हणजे या दोन दडलेल्या गोष्टी बाहेर काढून वेगवेगळ्या मांडणे. दोषाचे कारण शोधणे हे अहवाल देणाऱ्याचे काम नव्हे. कारणाविषयी अंदाज असल्यास तो अंदाज म्हणून शेवटी लिहावा, निरीक्षणात मिसळू नये, असा संकेत आहे. 'पुटी' या प्रणालीचे कर्ते सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये या विषयावर लिहिलेल्या निबंधातही निरीक्षण आणि निदान वेगळे ठेवण्यावर भर आहे. पोटात दुखते असे न सांगता वैद्याला थेट औषधाचे नाव सांगणाऱ्या रुग्णासारखी गत निदान आधी सांगणाऱ्या अहवालाची होते.

## एक उदाहरण: 'दऱ्या' न सापडणे

अहवाल कसा घडत जातो हे मराठी लेखनाशी संबंधित एका उदाहरणावरून पाहता येते. एका शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांची सूची एका प्रोग्रॅममध्ये आहे असे धरू. भूगोलाच्या प्रकल्पासाठी आलेली विद्यार्थिनी 'दऱ्या' हा शब्द शोधते. पडद्यावर दोनच पुस्तके येतात. ग्रंथपालांना मात्र आठवते की कपाटात अशी आणखी सात पुस्तके आहेत आणि त्यांची नोंदही सूचीत आहे. सूची उलगडून पाहिली तर ती सातही तेथे दिसतात, 'दऱ्या' हा शब्दही शीर्षकात स्पष्ट वाचता येतो.

ग्रंथपाल साहाय्य विभागाला कळवतात. दोन दिवसांनी उत्तर येते: "आमच्याकडे शोध व्यवस्थित चालतो." हे उत्तर टाळाटाळीचे वाटते, पण ते प्रामाणिक असू शकते. तेथील कर्मचाऱ्याने एक नोंद स्वतः टंकली, तोच शब्द त्याच कळफलकावरून शोधला आणि त्याला तो सापडला. ग्रंथालयातील परिस्थिती त्याच्या संगणकावर उभीच राहिली नाही.

गोम 'र'च्या लेखनात आहे. मराठीत 'य' किंवा 'ह' यांच्याआधी येणारा अर्धा 'र' दोन प्रकारे लिहिला जातो. 'दर्या' म्हणजे समुद्र, येथे तो रफार होऊन डोक्यावर जातो. 'दऱ्या' म्हणजे दरीचे अनेकवचन, येथे तो आडव्या, चंद्रकोरीसारख्या रूपात 'य'ला जोडून येतो. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' ही जोडीही याच भेदावर उभी आहे. पहिल्यात गुरू आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा भेद संगणकात साठवण्यासाठी युनिकोड या संकेतप्रणालीत आडव्या 'र'चे दोन मार्ग मान्य आहेत. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, हलन्त चिन्ह आणि पुढे 'य'. दुसरा, जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून ठेवलेला: साधा 'र', हलन्त चिन्ह, त्यानंतर पडद्यावर न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग 'य'. दोन्ही मार्गांनी डोळ्यांना दिसणारे अक्षर एकच असते. आत साठवलेले संकेत मात्र असे असतात:

```
(अ) दऱ्या   U+0926 U+0931 U+094D U+092F U+093E
(आ) दर्‍या   U+0926 U+0930 U+094D U+200D U+092F U+093E
(इ) दर्या   U+0926 U+0930 U+094D U+092F U+093E
```

उदाहरणातील सात पुस्तकांची नोंद पूर्वी एका कळफलकावरून (आ) पद्धतीने झाली होती. पुढे संगणक बदलला, कळफलक बदलला आणि नंतरची दोन पुस्तके (अ) पद्धतीने नोंदली गेली. विद्यार्थिनीनेही शब्द (अ) पद्धतीनेच टंकला, म्हणून तिला दोनच सापडली.

हे लक्षात कसे येते? प्रथम, सापडलेल्या आणि न सापडलेल्या नोंदींत फरक काय याचा शोध घेतला जातो. न सापडणारी सगळी पुस्तके ठरावीक तारखेपूर्वी नोंदलेली आहेत, हा पहिला धागा. दुसरी चाचणी सोपी आहे: न सापडणाऱ्या नोंदीतूनच शब्द उचलून तो शोधचौकटीत चिकटवायचा. असे केल्यावर ती सात पुस्तके येतात आणि आधीची दोन नाहीशी होतात. येथे दोष शोधयंत्रणेच्या बंद पडण्यात नसून दोन सारख्या दिसणाऱ्या शब्दांना ती वेगळे मानते यात आहे, हे कळून चुकते. संकेत प्रत्यक्ष पाहायचे असल्यास पायथॉन भाषेतील एक ओळ पुरते. अवतरणचिन्हांत संशयित शब्द चिकटवावा लागतो:

```
print([hex(ord(c)) for c in "दऱ्या"])
```

उत्तरात `0x931` आले तर पहिला मार्ग, `0x200d` आले तर दुसरा.

आता अहवाल लिहिता येतो. ग्रंथालयाच्या सूचीत हजारो नोंदी असतील, परंतु त्या सगळ्या पाठवण्याची गरज नाही; दोष दाखवायला तीन नोंदी पुरेशा आहेत. अशी काटछाट अहवालातील सर्वांत कष्टाची आणि सर्वांत उपयोगी पायरी मानली जाते. ती करताना वापरकर्त्यालाच पुष्कळदा कळते की ज्या गोष्टीला तो कारण समजत होता ती काढून टाकली तरी दोष शिल्लक राहतो. शाळेच्या बाबतीत काटछाटीचा आणखी एक लाभ आहे. मूळ सूचीसोबत विद्यार्थ्यांची नावे आणि त्यांनी नेलेल्या पुस्तकांची यादी बाहेर जात नाही. तयार अहवाल असा:

विषय: शोध – आडव्या 'र'च्या दोन लेखनक्रमांपैकी एकाच क्रमातील नोंदी सापडतात.

परिस्थिती: प्रोग्रॅमची आवृत्ती ('माहिती' या पानावर दिसते तशी, सर्व अंकांसह), संगणकप्रणालीचे नाव व आवृत्ती, शोधाचा प्रकार – 'शीर्षकात शोधा'.

पायऱ्या:
१. नवी, रिकामी सूची तयार करावी.
२. सोबतच्या मजकूर-फायलीतील (अ), (आ) व (इ) हे शब्द अनुक्रमे तीन नव्या नोंदींच्या शीर्षकांत चिकटवावेत व प्रत्येक नोंद जतन करावी. शब्द हाताने टंकू नयेत.
३. शोधचौकटीत (अ) चिकटवून 'शोधा' दाबावे.
४. चौकट रिकामी करून (आ) चिकटवावा व पुन्हा 'शोधा' दाबावे.

अपेक्षित परिणाम: पायरी ३ व पायरी ४ या दोन्हींत (अ) आणि (आ) अशा दोन नोंदी दिसाव्यात. (इ) हा वेगळ्या अर्थाचा शब्द असल्याने तो दिसू नये.

प्रत्यक्ष परिणाम: पायरी ३ मध्ये केवळ (अ), पायरी ४ मध्ये केवळ (आ) दिसते. पडद्यावर "१ नोंद सापडली" असा मजकूर येतो. चुकीचा कोणताही इशारा येत नाही. दहा वेळा करून पाहिले, दहाही वेळा हेच घडले.

या अहवालातील काही बारकावे सहज नजरेआड होतात. दुसऱ्या पायरीत 'हाताने टंकू नयेत' असे म्हटले नसते, तर साहाय्य विभागातील व्यक्तीने दोन्ही शब्द स्वतःच्या कळफलकावरून टंकले असते आणि पुन्हा "आमच्याकडे चालते" हेच उत्तर आले असते. पडद्याचे चित्र पाठवण्याची सवय सर्वत्र आहे, परंतु येथे चित्र निरुपयोगी आहे, कारण चित्रात (अ) आणि (आ) एकसारखेच दिसतात. ईमेलमधून मजकूर जाताना अदृश्य जोडचिन्ह वाटेत गळण्याचीही शक्यता असते. म्हणून शब्द स्वतंत्र फायलीत आणि त्यांचे संकेत अहवालात, असे दोन्ही द्यावे लागतात.

## अपेक्षित परिणामाला आधार काय

तीन भागांपैकी अपेक्षित परिणाम हा भाग सर्वांत सोपा वाटतो आणि म्हणून बहुधा निष्काळजीपणे लिहिला जातो. "शोध बरोबर चालावा" हे वाक्य त्या जागी लिहिले तर ती जागा रिकामीच राहिली असे समजावे.

वरील उदाहरणात निर्माता असे म्हणू शकतो की दोन्ही शब्दांचे संकेत भिन्न आहेत, प्रोग्रॅम ते भिन्न मानतो, यात दोष कसला? या म्हणण्यात तथ्य आहे. युनिकोडमध्ये काही लेखनक्रम अधिकृतपणे समतुल्य ठरवलेले आहेत. 'ऱ' हे एक अक्षर आणि 'र'खाली वेगळा नुक्ता देऊन बनवलेला 'ऱ' हे असे समतुल्य आहेत. प्रमाणीकरणाची ठरलेली प्रक्रिया त्यांना एकरूप करते. अदृश्य जोडचिन्ह वापरणारा (आ) क्रम या अधिकृत समतुल्यतेत येत नाही. त्यामुळे निर्मात्याने प्रमाणीकरण चोख केले असले तरी (अ) आणि (आ) वेगळेच राहतात. अहवाल देणाऱ्याला आधार घ्यावा लागतो तो दुसऱ्या गोष्टीचा: युनिकोडच्या देवनागरीविषयक नियमांत आडव्या 'र'साठी हे दोन्ही क्रम दिलेले आहेत, मराठी वाचकाला दोन्ही एकच शब्द म्हणून दिसतात आणि प्रोग्रॅमच्या माहितीपुस्तिकेत मराठी शोधाची सोय सांगितली आहे. पुस्तिकेत तसे काही सांगितलेले नसेल, तर निवेदन दोषाचे न राहता सुधारणेच्या मागणीचे होते. तसे स्पष्ट लिहिणे हिताचे, कारण दोन्हींचा मार्ग निराळा असतो.

अपेक्षित परिणामात (इ) विषयीचे वाक्य का घातले, हेही पाहण्यासारखे आहे. या दोषावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे शोधताना अदृश्य जोडचिन्ह वगळणे. मराठी न जाणणारा प्रोग्रॅमर तोच प्रथम योजण्याचा संभव आहे. परंतु (आ) मधून जोडचिन्ह वगळले की उरते ते (इ), म्हणजे 'दर्या'. मग दऱ्या शोधणाऱ्याला समुद्र सापडेल आणि (अ) पद्धतीच्या नोंदी पूर्वीसारख्याच हरवलेल्या राहतील. योग्य उपाय असा की तुलना करण्यापूर्वी 'र', हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी 'ऱ' आणि हलन्त ठेवावे. हे निर्मात्याला शिकवायला जाण्याची आवश्यकता नाही. तिसरा शब्द दिसू नये एवढे अपेक्षेत लिहिले की चुकीचा उपाय आपोआप चाचणीत नापास होतो.

## जेव्हा दोष पुन्हा घडत नाही

सर्वच दोष इतके आज्ञाधारक नसतात. बगझिला या दोष-नोंदणी प्रणालीत १९९० च्या दशकाअखेरीपासून `WORKSFORME` असा एक शेरा आहे. 'माझ्याकडे तर चालते' असा त्याचा अर्थ. पायऱ्यांमध्ये एखादी अट लिहायची राहून गेली की हा शेरा मिळतो, आणि ती अट पुष्कळदा वापरकर्त्याला अट वाटतच नाही. अशा सुटलेल्या अटीचे सर्वांत दुःखद उदाहरण किरणोपचाराच्या क्षेत्रातील आहे.

थेरॅक-२५ हे कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र 'ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड' या कंपनीने बनवले होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडातील रुग्णालयांत या यंत्राकडून सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा मिळाली. टेक्सासमधील टायलर येथील कर्करोग केंद्रात २१ मार्च १९८६ रोजी यंत्रचालिकेने उपचाराची माहिती भरताना इलेक्ट्रॉन किरणांसाठीचे `e` हे अक्षर टंकण्याऐवजी क्ष-किरणांसाठीचे `x` टंकले. चूक ध्यानात येताच तिने वर जाण्याची कळ दाबून अक्षर दुरुस्त केले, बाकीच्या नोंदी पूर्वीच्याच ठेवल्या आणि उपचार सुरू केला. यंत्र थांबले आणि पडद्यावर `MALFUNCTION 54` एवढाच संदेश आला. ठरवलेल्या २०२ एककांपैकी केवळ ६ दिली गेली, असे पडदा दाखवत होता. तिने उपचार पुढे चालू केला. रुग्णाला प्रत्यक्षात विहित मात्रेच्या अनेक पटींनी अधिक किरण मिळाले होते; पाच महिन्यांनी त्याचा मृत्यू झाला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे अभियंते आले. त्यांनी दिवसभर यंत्र चालवून पाहिले. तो संदेश त्यांना एकदाही आणता आला नाही. तपासानंतर ७ एप्रिलला यंत्र पुन्हा कामाला लागले. ११ एप्रिलला त्याच यंत्रावर, त्याच चालिकेच्या हातून, तशीच दुरुस्ती करताना तोच संदेश आला आणि दुसरा रुग्ण भाजला. तो तीन आठवड्यांत दगावला.

या वेळी रुग्णालयाच्या भौतिकतज्ज्ञांनी यंत्र तत्काळ बंद केले आणि त्या चालिकेला सोबत घेऊन तिने केलेली प्रत्येक हालचाल पुन्हा करून पाहिली. पुष्कळ प्रयत्नांनंतर संदेश आला. सुटलेली अट वेगाची होती. चालिकेचा हात सरावलेला असल्याने ती दुरुस्ती फार झपाट्याने करी. यंत्रातील चुंबके जागेवर यायला सुमारे ८ सेकंद लागत, आणि त्या अवधीत केलेला बदल प्रणालीच्या एका भागाला कळतच नसे. परिणामी यंत्राचा एक भाग क्ष-किरणांच्या तयारीत तर दुसरा इलेक्ट्रॉनच्या तयारीत राही. सावकाश, काळजीपूर्वक टंकणाऱ्या अभियंत्याला हा दोष दिसणे शक्य नव्हते. कंपनीच्या अभियंत्याने दुसऱ्या दिवशी आपल्याला संदेश मिळत नसल्याचे कळवले. हे सर्व झटपट करावे लागते असे सांगितल्यावर मात्र त्यालाही तो मिळाला. कंपनीने काढलेला तात्पुरता उपायही लक्षणीय होता: वर जाण्याच्या कळीचे टोपण काढावे आणि आतील संपर्क विद्युत-पट्टीने बंद करावा. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या अपघातांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला.

दोष-अहवालाच्या दृष्टीने या प्रकरणात दोन गोष्टी ठळक दिसतात. पायऱ्या बरोबर असूनही वेग ही अट नोंदली गेली नव्हती. वेळ, क्रम, मध्ये गेलेला अवधी हेही पायऱ्यांचेच भाग असतात. तसेच पडद्यावरील आकडा हा प्रत्यक्ष परिणाम नव्हता. पडदा सहा एकके सांगत होता आणि रुग्ण भाजल्याचे सांगत होता. अहवालात पडदा काय म्हणतो आणि खरोखर काय घडले, या दोन गोष्टी वेगळ्या लिहायच्या असतात.

पुन्हा घडवण्याची रीत सापडत नसेल तरी अहवाल द्यावा, परंतु तसे स्पष्ट लिहावे: किती वेळा प्रयत्न केला, किती वेळा घडले, दर वेळी आधी काय चालले होते. 'कधीकधी होते' यापेक्षा 'वीस प्रयत्नांत तीनदा, तिन्ही वेळा छपाई चालू असताना' हे वाक्य पुष्कळ पुढचे आहे.

## दुरुस्तीनंतर

निर्मात्याकडून नवी आवृत्ती आली की अहवालातील त्याच पायऱ्या तिच्यावर पुन्हा करून पाहिल्या जातात. निर्मात्याकडे त्या बहुधा कायमच्या चाचणीचे रूप घेतात, जेणेकरून पुढील एखाद्या बदलाने जुना दोष परत आल्यास तो आधीच कळावा. ग्रंथालयाच्या उदाहरणात तीन नोंदींच्या रिकाम्या सूचीवर दुरुस्ती यशस्वी ठरली, तरी शाळेच्या मूळ सूचीत ती सात पुस्तके कदाचित तशीच गायब राहतील. शोधासाठी प्रोग्रॅम शब्दांची आतली अनुक्रमणिका आधीच बांधून ठेवत असेल, तर जुन्या नोंदी तिच्यात जुन्याच रूपात असतात आणि ती नव्याने बांधावी लागते. म्हणून पडताळणी दोनदा करतात, एकदा रिकाम्या सूचीवर आणि एकदा त्या नऊ पुस्तकांच्या खऱ्या सूचीवर. नऊच्या नऊ नोंदी दिसल्यावरच अहवाल बंद करण्यास संमती दिली जाते.